तीनही एलईडी एकदम लागतात, एकदम विझतात: सिंक्रोनस काउंटर कुठे अडकतो?

प्रश्न: सर, मी नाशिकला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थ्री-फेज स्टेपर मोटरसाठी १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १ असा क्रम मोजणारा सिंक्रोनस काउंटर जेके फ्लिपफ्लॉप वापरून करायचा आहे. एक्सायटेशन टेबल केलं, के-मॅप सोडवले, तर एकही गेट लागत नाही असं उत्तर आलं. ब्रेडबोर्डवर जोडलं. कधीकधी बरोबर चालतं, पण रीसेट दाबलं की तीनही एलईडी एकदम लागतात, एकदम विझतात आणि पुढे तेच चालू राहतं. वायरिंग तीनदा तपासलं. माझं चुकतंय कुठे?

उत्तर:

वायरिंग सोडून दे, ते बरोबरच असणार. तुझे के-मॅपही बरोबर आहेत. त्या मॅपमध्ये तू जे `x` भरलेस आणि मग गोलात घेतलेस, तिथे सर्किट अडकतंय. कसं ते तुझ्याच क्रमावर करून दाखवतो.

आधी या क्रमाचा अर्थ बघ. `Q0`, `Q1`, `Q2` म्हणजे मोटरच्या ए, बी, सी या तीन कॉइल. मग तुझा क्रम असा वाचता येतो: आधी एकटी ए, मग ए आणि बी, मग एकटी बी, मग बी आणि सी, मग एकटी सी, मग सी आणि ए. यालाच हाफ-स्टेप म्हणतात. यात एका वेळी एक किंवा दोन कॉइल चालू असतात. एकही चालू नाही (`000`) किंवा तिन्ही चालू (`111`) या दोन अवस्था क्रमात कुठेच नाहीत. पुढची सगळी गोष्ट या दोघांची आहे.

एक्सायटेशन टेबल तुला पाठ असेलच, तरी त्यातला `x` कुठून येतो तेवढं बघू. फ्लिपफ्लॉप `0` वर आहे आणि पुढच्या क्लॉकला `0` वरच राहायला हवा, तर `J=0` हवा. `K` काहीही असो, कारण आधीच शून्य असलेल्याला शून्य कर म्हटलं तरी फरक पडत नाही. `0` वरून `1` व्हायचं तर `J=1`, `K` काहीही. `1` वरून `0` व्हायचं तर `K=1`, `J` काहीही. `1` वरच राहायचं तर `K=0`, `J` काहीही. हे `x` निरुपद्रवी आहेत, ते कसेही घेतले तरी क्रम बिघडत नाही.

दुसऱ्या प्रकारचा `x` वेगळा. `000` आणि `111` या ओळींसाठी पुढची अवस्थाच दिलेली नाही, म्हणून तिथे सगळीकडे `x` लिहितात. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून मुलं दोघांना एकाच मापाने मोजतात. हा दुसरा `x` म्हणजे सही करून दिलेला कोरा चेक. त्यावर आकडा तू गोल काढतेस तेव्हा पडतो, फक्त तुझं लक्ष नसतं.

आता मॅप. एक्सायटेशन टेबलच्या सहा कॉलमऐवजी मी आधी नेक्स्ट-स्टेट मॅप काढतो. म्हणजे प्रत्येक चौकटीत, आत्ता या अवस्थेत असताना पुढच्या क्लॉकला `Q2` काय होईल, तेवढंच लिहायचं. `Q2` साठी तो असा येतो:

```
Q1Q0:    00   01   11   10
Q2=0      x    0    0    1
Q2=1      1    0    x    1
```

यातून `J` आणि `K` वेगळं टेबल न करता वाचता येतात. `J2` साठी फक्त वरची ओळ बघ, जशीच्या तशी: `x 0 0 1`. खालची ओळ पूर्ण `x` समज, कारण `Q2` आधीच `1` असताना `J2` ला किंमत नाही. `K2` साठी फक्त खालची ओळ घे, पण उलटी करून: `1 0 x 1` चं होतं `0 1 x 0`. वरची ओळ `x`. बस. टेबल भरताना एखादा `0` चुकून `1` पडला, तर या पद्धतीने पडताळा लगेच होतो. परीक्षेत टेबल मागितलं असेल तर ते लिहायचंच, पण कच्च्या कामाच्या पानावर हे करून ठेव.

वरच्या ओळीत `000` चा `x` हा `1` धरला, तर `00` आणि `10` या कडेच्या दोन चौकटी जुळतात (मॅपच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात) आणि `J2 = Q0'` येतं. खाली `111` चा `x` हा `1` धरला की `K2 = Q0`. बाकीचे दोन फ्लिपफ्लॉप असेच केलेस की तुला मिळालं असणार ते हे:

```
J2 = Q0'    K2 = Q0
J1 = Q2'    K1 = Q2
J0 = Q1'    K0 = Q1
```

दिसायला फार सुंदर. गेट नाही, काही नाही, प्रत्येक फ्लिपफ्लॉप शेजाऱ्याचं उलट उचलतो. पण आता जे बहुतेक जण करत नाहीत ते कर. ही सहा समीकरणं हातात घेऊन आठही अवस्थांची पुढची अवस्था परत काढ, क्रमात नसलेल्यांचीसुद्धा.

`000` घे. `Q0'`, `Q2'`, `Q1'` तिन्ही `1`, म्हणजे तिन्ही `J` `1`, तिन्ही `K` `0`. पुढची अवस्था `111`. आता `111` घे. तिन्ही `J` `0`, तिन्ही `K` `1`. पुढची अवस्था `000`. झालं. शून्यावरून सातावर, सातावरून शून्यावर, आणि या दोघांच्या बाहेर जायला वाटच नाही. तुझे तीनही एलईडी एकदम लागतात आणि विझतात ते हेच. याला लॉक-आउट म्हणतात.

रीसेट दाबल्यावरच हे हमखास का होतं, तेही आता कळलं असेल. तू तीनही फ्लिपफ्लॉपचे क्लिअर पिन एकत्र जोडून रीसेट केला असशील. म्हणजे रीसेट तुला थेट `000` वर, त्या खड्ड्यातच नेऊन सोडतं. रीसेट न दाबता नुसता सप्लाय दिला की फ्लिपफ्लॉप कुठल्या अवस्थेत उठतील याची खात्री नसते. सहापैकी एखाद्या चांगल्या अवस्थेत उठले तर काउंटर नीट चालतो, म्हणून तुला ते "कधीकधी" वाटलं.

याची मी पहिल्यांदा खाल्लेली ठेच सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली आहे. एका छोट्या कारखान्यात लेबल पुढे सरकवणारं मशीन होतं, थ्री-फेज स्टेपरवर, आणि त्याचं ड्रायव्हर कार्ड जुन्या पद्धतीचं, जेके फ्लिपफ्लॉपवालं. ऑपरेटरची तक्रार एकच: सकाळी मशीन चालू केलं की कधीकधी मोटर जागेवर गुणगुणते, गरम होते, पण फिरत नाही. मेन स्विच बंद करून परत चालू केला की फिरते. त्यांनी तो रोजचा रिवाज करून टाकला होता, उदबत्ती लावावी तसा. मी दोन दिवस ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासत बसलो, एक बदललासुद्धा. तिसऱ्या दिवशी अडकलेल्या अवस्थेत स्कोपचे दोन प्रोब दोन फ्लिपफ्लॉपच्या आउटपुटवर लावले, तर दोन्ही लहरी तंतोतंत एकावर एक. तिन्ही कॉइल एकदम ओढत होत्या, एकदम सोडत होत्या. रोटरला कुठल्याच एका बाजूला ओढ नाही, मग फिरणार कुठून? करंट मात्र तिन्ही कॉइलमधून जात होता, म्हणून ती तापायची.

त्या स्कोपवरून एक गोष्ट तुझ्याही उपयोगाची. काउंटर नीट चालत असेल तर प्रत्येक आउटपुट तीन क्लॉक चालू आणि तीन क्लॉक बंद राहतो, आणि तीन आउटपुट एकमेकांपासून दोन-दोन क्लॉकने सरकलेले असतात. अडकला असेल तर तिन्ही आउटपुट एक क्लॉक चालू, एक क्लॉक बंद, आणि तिन्ही एकाच वेळी. क्लॉक सेकंदाला एक असेल तर एलईडीवर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पण क्लॉक हजार हर्ट्झला नेलास तर दोन्ही वेळा तिन्ही एलईडी अर्धवट उजळलेले दिसतील आणि मल्टिमीटरही दोन्ही वेळा जवळजवळ तेवढंच व्होल्टेज दाखवेल, कारण दोन्हीकडे आउटपुट निम्मा वेळच चालू असतो. तिथे दोन चॅनल एकत्र बघितल्याशिवाय सुटका नाही. म्हणून तपासणी आधी कमी क्लॉकवर कर.

आता दुरुस्ती. खड्ड्यातून बाहेर यायला वाट एकच पुरे. `000` आणि `111` एकमेकांकडे जातात, तेव्हा त्यातल्या एकाला जरी क्रमात सोडलं तरी दुसरा आपोआप त्याच्यामागून येतो. `000` साठी आपण तीन मॅपमध्ये तीन `x` चे `1` केले होते. त्यातला कुठलाही एकच परत `0` कर:

```
J2 = Q1.Q0'   केलं तर  000 -> 011
J1 = Q2'.Q0   केलं तर  000 -> 101
J0 = Q2.Q1'   केलं तर  000 -> 110
```

तिन्ही ठिकाणी पोहोचतो ती अवस्था क्रमातलीच आहे. `111` च्या बाजूनेही असंच करता येतं. `K2 = Q1'.Q0` केलं तर `111` वरून `100` वर जातो, इतर दोन `K` चंही तसंच. म्हणजे वाटा सहा आहेत, आणि प्रत्येकीला लागतो दोन इनपुटचा एकच अँड गेट.

सहापैकी कुठली घ्यायची? पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने सगळ्या सारख्याच. मोटरच्या दृष्टीने नाहीत. `111` म्हणजे तिन्ही कॉइल चालू, सप्लायवर सगळ्यात जास्त भार. `111` च्या बाजूने वाट काढलीस तर रीसेटनंतर `000` वरून आधी `111` वर जाणार, मग `100` वर, म्हणजे दर रीसेटला तो झटका बसणार. `000` च्या बाजूने काढलीस तर `000` वरून थेट क्रमात, `111` चं तोंडही बघायचं नाही. शिवाय रीसेट म्हणजे सगळ्या कॉइल बंद, हा मशीनवर नेमका हवासा वाटणारा अर्थ. म्हणून मी `J2 = Q1.Q0'` घेतो. रीसेटनंतरच्या पहिल्या क्लॉकला तुझ्या क्रमातली दुसरी पायरी, `011`, येते.

पहिली पायरी `001` च हवी असा हट्ट असेल (काही मास्तरांचा असतो), तर `J2` आणि `J1` दोन्ही वर लिहिल्याप्रमाणे बदल आणि `J0 = Q1'` तसंच ठेव. मग `000` वर फक्त `J0` `1` असतो आणि पुढची अवस्था `001` येते. गेट दोन लागतील, पण `74LS08` मध्ये अँड गेट चार असतात, तेव्हा आयसी तेवढीच.

एक गेट घातल्यावर जुना क्रम बिघडला नाही ना, हे गृहीत धरू नकोस. आठही ओळी परत काढ. मी काढून ठेवल्या आहेत, पण तू आधी स्वतः कर आणि मग ताडून बघ:

```
J2=Q1.Q0'  K2=Q0   J1=Q2'  K1=Q2   J0=Q1'  K0=Q1

001 -> 011      100 -> 101
011 -> 010      101 -> 001
010 -> 110      000 -> 011
110 -> 100      111 -> 000
```

यात `100` ची ओळ जरा थांबून बघ. पूर्वी तिथे `J2` `1` होता, आता `0` झाला. तरी `Q2` `1` च राहतो, कारण `K2` `0` आहे आणि दोन्ही शून्य असले की फ्लिपफ्लॉप आहे तिथेच राहतो. तो पहिल्या प्रकारचा, निरुपद्रवी `x` होता, म्हणून बदल पचला. हेच काम डी फ्लिपफ्लॉपने केलं असतंस तर ही सवलत मिळाली नसती. तिथे `D2` म्हणजे नेक्स्ट-स्टेट मॅप जसाच्या तसा. `000` चा `x` शून्य केलास की `00` कॉलममधला खालचा `1` एकटा पडतो, त्याला वेगळ्या गोलात घ्यावं लागतं, आणि `D2 = Q1.Q0' + Q2.Q0'` असं लांबतं.

ब्रेडबोर्डवर बदल करताना दोन गोष्टी. `74LS76` मध्ये सप्लाय ५ नंबरच्या पिनला आणि ग्राउंड १३ नंबरच्या पिनला असतो. हाताला १६ आणि ८ ची सवय असते, आणि त्या सवयीपायी लॅबमध्ये बऱ्याच आयसी गेल्या आहेत. एम. जी. रोडवरच्या दुकानात `74LS76` मिळाली नाही तर `74LS112` चालेल. तिच्यातही दोन जेके फ्लिपफ्लॉप, प्रीसेट आणि क्लिअर दोन्ही आहेत, आणि सप्लाय नेहमीच्या १६ आणि ८ वर. फक्त बाकीच्या पिनांची मांडणी वेगळी आहे, तेव्हा डेटाशीट उघडून ठेवूनच जोड. `LS` नसलेली जुनी साधी `7476` देत असतील तर शक्यतो घेऊ नकोस. ती क्लॉकच्या एका कडेला नव्हे तर क्लॉक वर असेपर्यंत पूर्ण वेळ इनपुट बघत असते, आणि तेवढ्यात `J` वर एखादी बारीक टिचकी आली तरी ती धरून ठेवते.

दुसरी गोष्ट प्रीसेट आणि क्लिअर पिनांची. ते मोकळे सोडू नकोस, रेझिस्टरमधून सप्लायला बांध. टीटीएल मध्ये मोकळा पिन बहुतेक वेळा `1` सारखा वागतो, आणि हे "बहुतेक वेळा" प्रकरणच नंतर तास खातं.

"रीसेटलाच `001` वर आणलं तर गेटची गरज काय?" असं तू विचारशील. आणता येतं. रीसेटची तार `Q2` आणि `Q1` च्या क्लिअरला आणि `Q0` च्या प्रीसेटला जोडली की दाबल्यावर `001` येतं. सबमिशनला ते चालूनही जाईल. पण मोटरच्या शेजारी बसलेल्या कार्डवर रिले, कॉन्टॅक्टर यांचा गोंगाट असतो. चालू कामात एखादा फ्लिपफ्लॉप उलटला आणि अवस्था `111` झाली, तर रीसेट दाबायला तिथे कोण उभं असणार? गेट असेल तर दोन क्लॉकमध्ये काउंटर स्वतःच क्रमात येतो. मी दोन्ही करतो. सातपूरच्या त्या कार्डवर एका आयसीत एक अँड गेट रिकामा पडून होता. `J2` चा ट्रॅक कापून त्यातून दोन तारा फिरवल्या, तेवढ्यात काम झालं. बदललेला ट्रान्झिस्टर मात्र विनाकारण बदलला होता, तो माझ्या खात्यावर.

तुझं सर्किट तयार झालं की चाचणी अशी कर. क्लॉक थांबव. तिन्ही क्लिअर क्षणभर ग्राउंडला लावून सोड, तिन्ही एलईडी विझलेले दिसतील. क्लॉकचा एकच ठोका दे, `Q1` आणि `Q0` लागले पाहिजेत. मग तिन्ही प्रीसेट क्षणभर ग्राउंडला लाव, तिन्ही एलईडी लागतील. एक ठोका दिला की सगळे विझतील, दुसऱ्याला परत `Q1` आणि `Q0`. ठोका देताना नुसतं पुश बटन वापरू नकोस, त्याचे संपर्क उडतात आणि एका दाबात तीन-चार ठोके जातात. दोन नँड गेटचा लॅच मध्ये घाल. आणि जर्नलमध्ये स्टेट डायग्राम काढताना सहा अवस्थांच्या वर्तुळाबाहेर `111` वरून `000` कडे आणि `000` वरून `011` कडे असे दोन बाण काढ. तोंडी परीक्षेला बहुधा त्या दोन बाणांवरच विचारतील.